दोन माईक लावले आणि आवाज पातळ झाला

मुलाखती, व्याख्याने, कीर्तने स्वतः ध्वनिमुद्रित करणाऱ्या वाचकांची एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येते. एका माईकवर आवाज चांगला होता. खबरदारी म्हणून दुसरा लावला, दोन्ही ट्रॅक एकत्र केले आणि आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा झाला. मग केबल बदलून पाहिली जाते, माईक बदलला जातो, इक्वलायझरशी तासभर झटापट होते आणि तरीही आवाजात जीव येत नाही.

गंमत अशी की यातला प्रत्येक माईक एकटा ऐकला तर ठणठणीत असतो. एकच आवाज दोन वाटांनी येतो, त्यातली एक वाट थोडी लांब पडते आणि दोन्हींची बेरीज करताना आवाजाचे काही भाग एकमेकांना खोडून टाकतात. ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात याला ‘फेज कॅन्सलेशन’ म्हणतात. ते ओळखायला पाच मिनिटे पुरतात. निस्तरायला किती वेळ लागेल, हे मात्र तुम्ही मुद्रणाच्या वेळी काय जपून ठेवले आहे यावर ठरते.

आधी खात्री करून घ्या

हेडफोनवर सगळे छान वाटते आणि मोबाइलच्या स्पीकरवर आवाज पोचट होतो, असे होत असेल तर संशयाला जागा आहे. अनेक कॅमेरे एक माईक डाव्या आणि दुसरा उजव्या चॅनलवर घेतात. हेडफोनमध्ये ते दोन कानांत वेगळे राहतात, म्हणून भांडत नाहीत. एकाच स्पीकरच्या फोनवर किंवा सभागृहाच्या मोनो यंत्रणेवर त्यांची बेरीज होते आणि भांडण सुरू होते. म्हणून तपासणी नेहमी मोनोमध्ये करा. एडिटिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मास्टर ट्रॅक मोनो करण्याची सोय असते.

मग या क्रमाने जा:

- दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर ठेवून बोलण्याचा एक सलग तुकडा ऐका.
- ऐकता ऐकता एक ट्रॅक बंद करा. आवाज थोडा लहान होईल, ते साहजिक आहे. पण लहान होतानाच तो *भरीव* झाला, तर दोष फेजचाच आहे.
- ट्रॅक पुन्हा सुरू करून त्याची पोलॅरिटी उलटी करा. अनेक सॉफ्टवेअरमध्ये आणि मिक्सरवर यासाठी `Ø` खुणेचे बटण असते. ऑडॅसिटीमध्ये हेच काम `Invert` नावाचा इफेक्ट करतो.
- उलटे करताच खर्ज झपकन परत आला आणि आवाज एकदम दणकट झाला, तर एका माईकची पोलॅरिटी उलटी होती. सहसा कारण केबलमध्ये सापडते. आवाजाचा फक्त रंग बदलला, म्हणजे एका प्रकारचा पोकळपणा जाऊन दुसऱ्या प्रकारचा आला, तर कारण अंतर आहे.

एकच माईक सुरू असतानाही आवाज पोकळ येत असेल, तर हा लेख तुमच्या अडचणीवरचा नाही. तिथे बहुधा समोरच्या टेबलावरून किंवा उघड्या भिंतीवरून उलटून येणारा आवाज माईकमध्ये शिरत असतो. टेबलावर जाड कापड टाकून पाहा, किंवा माईक तोंडाजवळ आणा.

५० सेंटीमीटरमध्ये काय बिघडते?

समजा, तुम्ही एका ज्येष्ठ कीर्तनकारांची मुलाखत चित्रित करता आहात. बुवांच्या अंगावर उपरणे आहे. ते कॉलर माईकवर घासले की खरखर होते. म्हणून तुम्ही चौकटीच्या वर बूमवर दुसरा माईक टांगला. कॉलर माईक तोंडापासून २० सेंटीमीटरवर, बूम ७० सेंटीमीटरवर. दोन्ही वाटांत फरक ५० सेंटीमीटरचा.

खोलीच्या तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणजे बुवांचा प्रत्येक शब्द बूमवर कॉलरपेक्षा साधारण १.४५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. कानाला हा उशीर मुळीच कळत नाही. पण ३४५ हर्ट्झच्या सुराची एक लाट पूर्ण व्हायला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात आणि १.४५ हे बरोबर त्याच्या निम्मे. त्यामुळे या सुरासाठी कॉलर माईकवर लाटेचा चढ असतो तेव्हा बूमवर उतार असतो. दोन्ही ट्रॅक सारख्याच जोराचे असतील तर बेरीज शून्य होते, सूर नाहीसा होतो.

तेवढ्यावर भागत नाही. ३४५ च्या तिप्पट, पाचपट, सातपट ठिकाणी, म्हणजे १,०३५, १,७२५, २,४१५ हर्ट्झवर, तीच गत होते. मधल्या ६९० आणि १,३८० हर्ट्झवर उलट आवाज दुपटीने चढतो. पहिला खड्डा नेमका आवाजाचा भरदारपणा जिथे असतो तिथे पडतो आणि वरचे खड्डे शब्द स्पष्ट करणाऱ्या पट्ट्यात. इक्वलायझर इथे का हरतो, हेही यातून कळते. खड्डे एक-दोन नसतात, डझनांनी असतात. शिवाय जिथे काही उरलेलेच नाही तिथे वाढवून वाढणार काय?

तुमच्या मांडणीत पहिला खड्डा कुठे पडेल ते काढायला सोपा हिशेब आहे. दोन अंतरांतला फरक सेंटीमीटरमध्ये घ्या आणि १७,२५० ला त्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येते. १० सेंटीमीटर फरक असेल तर १,७२५ हर्ट्झ, १ मीटर असेल तर सुमारे १७२ हर्ट्झ. या दुसऱ्या आकड्याच्या आसपास बोलण्याचा पायाभूत सूर असतो, त्यामुळे १ मीटरच्या फरकात आवाजाचा पायाच उखडल्यासारखा होतो.

याच्या पुढे, फरक सुमारे ३० मिलिसेकंदांच्या वर गेला की पोकळपणा मागे पडतो आणि शब्द चक्क दोनदा ऐकू येऊ लागतात. ब्लूटूथ माईक आणि केबलचा माईक एकत्र करणाऱ्यांना हा अनुभव येतो, कारण ब्लूटूथचा उशीर त्याहून पुष्कळ मोठा असू शकतो.

पोलॅरिटीचे बटण हे औषध नव्हे

फेजचा दोष आहे असे कळले की अनेकजण ते `Ø` बटण दाबतात आणि जे कमी वाईट वाटेल ते ठेवून देतात. बुवांच्या मुलाखतीत हे केले तर काय होईल? ३४५ आणि १,०३५ चे खड्डे भरून निघतील खरे, पण आता नवे खड्डे ६९० आणि १,३८० वर पडतील आणि शिवाय अगदी खालचा खर्ज गायब होईल. पोलॅरिटी उलटवल्याने उशीर दुरुस्त होत नाही. खड्ड्यांची फक्त जागा बदलते.

हे बटण कामाचे आहे ते खऱ्याखुऱ्या उलट्या जोडणीसाठी. एक्सएलआर केबलमध्ये २ नंबरची पिन ‘हॉट’ मानली जाते. दुरुस्ती करताना कुणी २ आणि ३ ची अदलाबदल केली असेल तर त्या केबलवरचा माईक कायम उलटा बोलतो. संशय आला तर एकेका माईकला खात्रीची तिसरी केबल लावून पाहा. केबल बदलताच दोष गेला तर काढलेली केबल बाजूला ठेवून तिच्यावर खूण करा. पुन्हा पिशवीत टाकाल तर महत्त्वाच्या दिवशी तीच हाताला लागेल.

याच घराण्यातला एक छुपा दोष कार्यक्रमांत फार होतो. मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून साध्या केबलने कॅमेऱ्याच्या स्टीरिओ मिनीजॅकमध्ये आवाज घेतला, तर एकच आवाज डाव्या चॅनलवर सुलटा आणि उजव्यावर उलटा नोंदला जातो. हेडफोनवर तो विचित्र, पसरट लागतो. मोनो करताच जवळजवळ संपूर्ण नाहीसा होतो. घाबरू नका. मुद्रण वाया गेलेले नसते. एक चॅनल टाकून दुसरा तेवढा दोन्हीकडे वापरा.

ट्रॅक जुळवायचे कसे?

दोन्ही माईक वेगळ्या ट्रॅकवर असतील तर काम सोपे आहे. पुन्हा बुवांच्या मुलाखतीकडे येऊ.

१. बुवा एखादा शब्द ‘प’ किंवा ‘ट’ने ठसक्यात सुरू करतात अशी जागा शोधा आणि दोन्ही ट्रॅकची लहर एकाखाली एक मोठी करून पाहा. टाळी वाजवून जुळवायची सवय इथे फसवते. टाळी तोंडापाशी न वाजवता कॅमेऱ्यासमोर वाजवली असेल, तर टाळीपासून दोन माईकची अंतरे वेगळी आणि तोंडापासूनची वेगळी. टाळी जुळेल, बोलणे नाही.

२. दोन्ही लहरींतला पहिला मोठा चढ कुठे आहे ते बघा आणि उशिराचा ट्रॅक तेवढा आधी सरकवा. ४८ किलोहर्ट्झच्या मुद्रणात १ मिलिसेकंद म्हणजे ४८ सॅम्पल, तेव्हा आपल्या उदाहरणात सरक साधारण ७० सॅम्पलची. सॉफ्टवेअर ट्रॅक फक्त चित्राच्या फ्रेमनुसारच सरकवत असेल तर ते इथे कामाचे नाही. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची होते. आवाज ऑडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवून आणा.

३. आता कानाने बारीक जुळवणी करा. मोनोमध्ये दोन्ही पातळ्या सारख्या ठेवून एका ट्रॅकची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करा आणि दुसरा एकेक-दोनदोन सॅम्पल मागेपुढे सरकवत राहा. आवाज जिथे सर्वांत बारीक आणि क्षीण होईल तिथे थांबा. पोलॅरिटी पुन्हा सुलटी करा. ‘सर्वांत भरीव कधी’ हे ओळखण्यापेक्षा ‘सर्वांत क्षीण कधी’ हे ओळखणे कानाला पुष्कळ सोपे जाते.

४. मुलाखतीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी तपासा.

टेपने मोजलेल्या अंतरावर मात्र विसंबू नका. कॉलर माईक डिजिटल वायरलेस असेल तर तो स्वतःच काही मिलिसेकंद उशीर करतो आणि लांबचा, पण केबलवरचा बूम उलट आधी पोहोचलेला दिसतो. लहर दाखवते ते खरे.

चौथ्या पायरीवर दोन वेगळ्या अडचणी भेटतात. दोन माईक दोन वेगळ्या यंत्रांवर घेतले असतील, उदाहरणार्थ एक फोनवर आणि एक रेकॉर्डरवर, तर त्यांची घड्याळे नेमकी एका चालीने चालत नाहीत. दहा लाखांत दहाचा, म्हणजे क्षुल्लकच, फरक असला तरी तासाभरात ३६ मिलिसेकंदांची तफावत पडते. सुरुवातीला जुळवलेले ट्रॅक तासाच्या शेवटी प्रतिध्वनी ऐकवू लागतात. अशा वेळी मुद्रणाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा जुळवावा लागतो.

दुसरी अडचण माणसाची आहे. बुवा रंगात आले की मान वळते, शरीर झुकते. वाटांतला फरक १० सेंटीमीटरने बदलला की मघाशी जुळलेल्या ट्रॅकमध्ये १,७२५ हर्ट्झवर नवा खड्डा. बोलता बोलता आवाजाचा रंग सळसळत बदलतो तो यामुळे. मराठी नाटकांत रंगमंचाच्या पुढच्या कडेला माईकची रांग असते. तिच्यासमोरून नट बोलत चालत गेला की हाच बदल प्रेक्षागृहात ऐकू येतो. यावर कोणतीही जुळवणी कायमची उपयोगी पडत नाही.

मुळात दोन्ही हवेतच कशाला?

म्हणून जुळवणीच्या आधी हा प्रश्न विचारावा. एका तोंडासाठी एका वेळी एकच माईक, हा पर्याय बहुतेक मुलाखतींत सर्वांत चांगला ठरतो. दुसरा माईक मुद्रित जरूर करा, पण राखीव म्हणून. बुवांच्या उपरण्याने खरखर केली तेवढ्या दोन वाक्यांपुरते कॉलरवरून बूमवर जा, खरखर संपली की परत या. जोड कळू नये म्हणून दोन्हीकडे छोटा क्रॉसफेड द्या; तेवढ्या क्षणासाठी ट्रॅक जुळवलेले असले की पुरे.

खोलीचा थोडा मोकळेपणा हवा म्हणून बूम सतत मिसळायचाच असेल, तर तो किमान १० डेसिबल खाली ठेवा. सारख्या पातळीवर खड्डे तळापर्यंत जातात. १० डेसिबल खाली ठेवल्यावर चढ सुमारे अडीच डेसिबलचा आणि खड्डा सव्वातीनचा उरतो. कानाला तो जाणवू शकतो, पण आवाज पोकळ होत नाही.

भाषणाच्या पोडियमवर लवचीक दांड्यांचे दोन माईक दिसले की आयोजकांना दोन्ही सुरू हवे असतात. वक्ता जरा डावीकडे झुकला की आवाज बदलतो तो त्यामुळेच. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पोडियमवर लिंडन जॉन्सन यांच्या काळापासून श्युअर कंपनीचे `SM57` माईक दिसतात, तेही जोडीने. त्या जोडीतला दुसरा पहिला बंद पडला तर असावा म्हणून असतो. तुमच्या सत्कार समारंभातही एक सुरू आणि एक बंद ठेवायला हरकत नसावी.

दोन माणसे, दोन माईक, एक टेबल

पॉडकास्टमध्ये प्रश्न थोडा वेगळा होतो. प्रत्येकाला आपला माईक आहे, पण पाहुण्याचा आवाज यजमानाच्या माईकमध्येही शिरतो आणि बेरजेत पाहुणा पातळ होतो.

यासाठी ‘तीनास एक’चा नियम सांगतात. तोंड आपल्या माईकपासून जितके दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माईकमध्ये असावे. तोंड २० सेंटीमीटरवर असेल तर माईक ६० सेंटीमीटर दूर. असे केल्याने शेजारच्या माईकमध्ये शिरणारा आवाज साधारण साडेनऊ डेसिबलने कमी भरतो, म्हणजे वर सांगितलेल्या सुरक्षित १० डेसिबलच्या जवळ येतो.

नियम खरा आहे, पण लोक तो अर्धाच पाळतात. यजमान हळू बोलतो म्हणून त्याच्या माईकचा गेन १० डेसिबल वाढवला की त्यात शिरलेला पाहुण्याचा आवाजही तेवढाच वाढतो आणि अंतराने कमावलेले सगळे गेनने घालवले जाते. हळू बोलणाऱ्याचा माईक तोंडाजवळ सरकवा, गेनला हात लावू नका. कार्डिऑइड माईक असेल तर त्याची पाठ दुसऱ्या वक्त्याकडे येईल असे बसवा. आणि संपादनात, ज्याची बोलण्याची पाळी नाही त्याचा ट्रॅक खाली घ्या. पूर्ण बंद केला तर खोलीची पार्श्वभूमी तुटल्यासारखी वाटते, म्हणून १२ ते १५ डेसिबल उतरवणे बरे.

जाणूनबुजून खोडणारे

हाच दोष एका बँडने हत्यार म्हणून वापरला होता. ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकी बँडने १९७४ मध्ये ‘वॉल ऑफ साउंड’ नावाची प्रचंड ध्वनियंत्रणा उभी केली. तिचे स्पीकर गायकांच्या पाठीमागे होते, म्हणजे स्पीकरचा आवाज थेट माईकमध्ये शिरून शिट्टी बसायला हवी होती. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक गायकासमोर दोन माईक अगदी जवळजवळ, एकमेकांच्या उलट पोलॅरिटीत जोडले. लांबून येणारा स्पीकरचा आवाज दोन्हींत जवळजवळ सारखा पोहोचे आणि खोडला जाई. गायक ओठ लावून फक्त वरच्या माईकमध्ये गात, तो आवाज एकातच जोरात भरे आणि टिके.

युक्ती चालली, पण गाणे पातळ लागते अशी तक्रार राहिलीच. खालच्या माईकमध्ये गायकाचाही थोडा आवाज जात होता आणि तो उलटा होऊन त्याच्याच खर्जाला खात होता. तोंड माईकपासून जरा हलले की आणखी. त्या गायकांसारखे ओठ माईकला चिकटवून बुवा मुलाखत देणार नाहीत, तेव्हा घरी हा प्रयोग न केलेला बरा.

काम दुसऱ्याकडून करून घेत असाल तर

आवाज एकदा एकाच ट्रॅकमध्ये मिसळून गेला की त्यातून दोन माईक पुन्हा वेगळे करून जुळवता येत नाहीत. म्हणून लग्न, व्याख्यानमाला किंवा माहितीपटासाठी ध्वनिमुद्रण करणाऱ्याला काम देताना काही गोष्टी आधीच लिहून घ्या. तुम्ही पैसे मोजता आहात. हे मागणे अवाजवी नाही, आणि काम जाणणारा माणूस त्याला नकारही देत नाही.

- प्रत्येक माईकचा स्वतंत्र, न मिसळलेला ट्रॅक ४८ किलोहर्ट्झच्या `WAV` फाइलमध्ये मिळावा.
- सर्व माईक शक्यतो एकाच रेकॉर्डरवर घ्यावेत. ते शक्य नसेल तर कोणता माईक कोणत्या यंत्रावर होता, ते सांगावे.
- तयार मिक्स स्वीकारण्यापूर्वी तो मोनोमध्ये ऐकवावा. स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर नव्हे, साध्या फोनवर.
- मूळ ट्रॅक तुमच्या हाती येईपर्यंत आणि तुम्ही ते तपासेपर्यंत रेकॉर्डरमधले कार्ड पुसू नये.

मिसळलेलीच फाइल हाती आली असेल, तर आधी तिचे डावे आणि उजवे चॅनल वेगळे ऐका. दोन माईक त्या दोन चॅनलवर वेगळे राहिलेले असण्याची शक्यता बरीच असते, आणि तसे असेल तर वरची सगळी जुळवणी अजूनही करता येते. दोन्ही चॅनलवर तोच पोकळ आवाज असेल, तर त्या तासाचा दुसरा कोणता स्रोत आहे का ते शोधा: कॅमेऱ्यावरचा माईक, सभागृहाच्या मिक्सरचे मुद्रण, पहिल्या रांगेतल्या कुणाचा फोन. गर्दीच्या खोकल्यांसकट असलेले ते एकमाईकी मुद्रण पोकळ झालेल्या मिक्सपेक्षा ऐकायला सुसह्य निघते.